छायाचित्रातील नको असलेली वस्तू : पुसावी की कातरावी?

सीरियातील संघर्षाच्या सप्टेंबर 2013 मधील एका छायाचित्रात डाव्या खालच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता. छायाचित्रकार नार्सिसो कॉन्ट्रेरास यांनी त्याच छायाचित्रातील जमिनीचा भाग त्यावर चिकटवून तो झाकला. ही बाब उघड झाल्यावर जानेवारी 2014 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यांच्याशी संबंध तोडले. संस्थेने त्यांची सुमारे 500 छायाचित्रे तपासली. अन्य कोणत्याही छायाचित्रात असा फेरफार आढळला नाही.

कातरणे आणि पुसणे यांतील फरक या घटनेतून स्पष्ट होतो. छायाचित्र कातरल्याने चौकट लहान होते, परंतु उरलेला प्रत्येक बिंदू कॅमेऱ्याने टिपलेलाच असतो. पुसताना मात्र, जे टिपलेच नव्हते ते त्या जागी भरावे लागते.

म्हणून पहिला प्रश्न वस्तूच्या जागेचा असतो. ती कडेला असेल, तर प्रथम कातरून पाहावे. 6000 बाय 4000 पिक्सेलच्या छायाचित्रात डावीकडचा आणि खालचा दहा-दहा टक्के भाग काढल्यास 5400 बाय 3600 पिक्सेल उरतात. लांबी-रुंदीचे प्रमाण तेच राहते आणि 81 टक्के क्षेत्रफळ शिल्लक राहते. वृत्तपत्राच्या छपाईसाठी ते पुरेसे असते. कातरल्यानंतर मुख्य व्यक्तीचे हात-पाय सांध्यावर तुटलेले दिसू नयेत आणि ती ज्या दिशेने पाहत आहे तिकडे मोकळी जागा उरावी, एवढे पाहावे लागते.

वस्तू मध्यभागी असेल, तर कातरण्याचा उपाय चालत नाही. जॉन फिलो यांनी 1970 मध्ये केंट स्टेट विद्यापीठातील गोळीबारानंतर टिपलेल्या छायाचित्रात आक्रोश करणाऱ्या मुलीच्या डोक्यामागे कुंपणाचा खांब आहे. तो पुसलेली प्रत ‘लाइफ’ मासिकात 1995 मध्ये छापली गेली आणि त्यावर टीका झाली. अशा वेळी खरा उपाय छायाचित्र टिपतानाच असतो : एक पाऊल बाजूला सरकल्यास खांब डोक्यामागून हटतो. तो क्षण निसटला असेल, तर वृत्तचित्रात खांब तसाच ठेवणे योग्य.

विवाहसोहळा किंवा जाहिरातीच्या छायाचित्रांत पुसण्याची मुभा असते. वस्तू लहान असून मागे आकाश किंवा सपाट भिंत असेल, तर हे काम स्वच्छ होते. विटांच्या रांगा, जाळी किंवा केसांवरून जाणारी वस्तू मात्र खुणा सोडते : रेषा मोडतात, एकच नक्षी दोनदा उमटते, वस्तू जाते पण तिची सावली उरते.

कातरण्यालाही मर्यादा आहे. काढलेल्या भागामुळे घटनेचा अर्थ बदलत असेल, उदाहरणार्थ रिकाम्या खुर्च्या वगळून सभेला गर्दी होती असे भासत असेल, तर एकही बिंदू न बदलता वाचकाची दिशाभूल होते. तेथे पूर्ण चौकटच छापावी लागते.