सिक्स सिग्माचे पाच टप्पे: परीक्षेत क्रम नेमका कुठे चुकतो?

क्वालिटीच्या परीक्षांमध्ये असा प्रश्न हमखास असतो. पुढील कामे योग्य क्रमाने लावा: (अ) पायलट रन, (ब) प्रोजेक्ट चार्टर, (क) मोजमाप पद्धतीची तपासणी, (ड) कंट्रोल प्लॅन, (इ) मूळ कारण डेटावरून सिद्ध करणे.

डिफाइन, मेजर, अ‍ॅनालाइझ, इम्प्रूव्ह, कंट्रोल ही नावे बहुतेकांना पाठ असतात. तरीही गुण जातात, कारण प्रश्नात टप्प्यांची नावे नसतात, कामे असतात. कोणते काम कोणत्या टप्प्यात येते, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, एका वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथवर 20 मिमी व्यासाचे शाफ्ट बनतात. 0.05 मिमी कमी-जास्त चालते, त्यापलीकडे गेलेला शाफ्ट बाद. हजारात 40 शाफ्ट बाद होत आहेत.

डिफाइनमध्ये अडचण नेमक्या शब्दांत लिहायची: व्यासामुळे होणारे रिजेक्शन 4 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आणायचे, चार महिन्यांत. हाच प्रोजेक्ट चार्टर. यात कारण किंवा उपाय लिहायचा नसतो. ‘ऑपरेटरला ट्रेनिंग देऊन रिजेक्शन कमी करणे’ असे चार्टरमध्ये लिहिले, तर पुढचे तीन टप्पे न करताच निकाल लावल्यासारखे होते.

मेजर म्हणजे लगेच आकडे गोळा करणे, असा अनेकांचा समज असतो. त्याआधी एक काम आहे. मायक्रोमीटर आणि तो वापरणारे हात भरवशाचे आहेत का, हे पाहायचे. त्यासाठी साधारण 10 शाफ्ट घेतात, तीन इन्स्पेक्टर प्रत्येक शाफ्ट दोन-तीनदा मोजतात, आणि आपण कोणता शाफ्ट मोजतोय हे त्यांना कळू देत नाहीत. याला गेज आर अँड आर म्हणतात. आकड्यांमधल्या एकूण फरकापैकी मोजण्यामुळे आलेला वाटा 10 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, 30 टक्क्यांच्या वर असेल तर ती पद्धत चालत नाही, असा वाहन उद्योगातला रूढ निकष आहे. हे टाळले तर चांगले शाफ्ट बाद होतील, खराब पास होतील, आणि कारण शोधणारा भलत्याच मागे धावेल. म्हणून क्रमाच्या प्रश्नात मोजमापाची तपासणी डेटा गोळा करण्याच्या आधी येते.

आता अ‍ॅनालाइझ. फिशबोन आकृतीत दहा शक्यता येतील: टूलची झीज, कच्चा माल, ऑपरेटर. पण त्या फक्त शक्यता असतात. वेळेनुसार डेटा मांडल्यावर दिसते, की 40 पैकी 31 शाफ्ट शिफ्टच्या पहिल्या तासातले आहेत. शिवाय जेवणाच्या सुट्टीनंतर बाद होण्याचे प्रमाण पुन्हा थोडे वाढते. म्हणजे संशय थंड मशीनवर जातो. मशीन तापताना त्याचे भाग प्रसरण पावतात आणि माप सरकत राहते. मशीनचे तापमान आणि शाफ्टचा व्यास एकत्र नोंदवून हा संबंध पक्का झाला, की मगच त्याला मूळ कारण म्हणायचे.

इम्प्रूव्हमध्ये उपाय ठरतो: काम सुरू करण्याआधी 20 मिनिटे मशीन रिकामे फिरवायचे. आधी एकाच मशीनवर दोन आठवडे, हाच पायलट रन. त्यानंतर रिजेक्शन पुन्हा मोजतात. इथे ‘मोजणे’ हा शब्द दिसला की अनेकजण मेजर निवडतात आणि फसतात. उपाय लागू पडला का, हे तपासणे इम्प्रूव्हचेच काम आहे.

कंट्रोलमध्ये ही सवय टिकवायची. वॉर्म-अप कामाच्या लेखी पद्धतीत जातो. कंट्रोल प्लॅनमध्ये काय, कधी, कोणी मोजायचे आणि बिघाड दिसला तर काय करायचे हे लिहितात. मग काम रोजच्या जबाबदार माणसाकडे सोपवतात. व्यासाचा कंट्रोल चार्टही लागतो. त्यावरच्या मर्यादा प्रक्रियेच्या डेटावरून काढतात, ग्राहकाची 0.05 मिमीची मर्यादा तिथे रेघ म्हणून ओढणे ही नेहमीची चूक.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर: ब, क, इ, अ, ड.

फक्त साधनाच्या नावावरून टप्पा ठरवू नका. कंट्रोल चार्ट मेजरमध्येही वापरतात, प्रक्रिया मुळात स्थिर आहे का हे पाहायला. फिशबोन काही पुस्तकांत मेजरमध्येच भेटतो. त्यामुळे ते काम कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, ते वाचा. आणि पर्यायांत ‘डिझाइन’ व ‘व्हेरिफाय’ दिसले, तर तो क्रम वेगळा आहे: डिफाइन, मेजर, अ‍ॅनालाइझ, डिझाइन, व्हेरिफाय. तो नवे उत्पादन किंवा नवी प्रक्रिया घडवताना वापरतात.