शून्य चुकलं की जॉ बिस्किटावर

बिस्किटांच्या पुड्याला फिल्म गुंडाळणारं मशीन सकाळी चालू केलं, की लगेच पॅकिंगला लागत नाही. फिल्म सील करून कापणारा जॉ आधी सावकाश फिरतो आणि एका ठरलेल्या जागी थांबतो. याला होमिंग म्हणतात. साध्या इन्क्रिमेंटल एन्कोडरला मोटर किती फिरली एवढंच कळतं. वीज गेली की आपण कुठे होतो ते तो विसरतो.

शून्य दोन टप्प्यांत सापडतं. जॉच्या शाफ्टजवळचा प्रॉक्सिमिटी सेन्सर 'जवळ आलो' एवढं सांगतो. त्यानंतर मोटरच्या एका फेरीत एकदाच येणारी एन्कोडरची झेड पल्स आली, की ती जागा शून्य धरली जाते.

गोची इथेच होते. समजा, मोटरच्या एका फेरीला 10,000 काउंट आहेत आणि गिअरबॉक्स 10:1 आहे. म्हणजे मोटरची एक फेरी झाली की जॉ 36 अंश फिरतो. सेन्सर नेमका झेड पल्सच्या तोंडाशी चालू होत असेल, तर एखाद्या सकाळी तो किंचित उशिरा लागतो, ती पल्स निसटते आणि ड्राइव्ह पुढची पकडतो. जॉ 36 अंश सरकतो आणि फिल्मऐवजी बिस्किटावर आदळतो. अलार्म मात्र वाजत नाही, कारण पोझिशन कंट्रोल फक्त हुकूम आणि एन्कोडर यांतला फरक पाहतो, आणि चुकीच्या शून्यापासून मोजलं तरी तो फरक नसतोच. चूक दर वेळी बरोबर 36 अंशांची असेल तर दोष झेड पल्सचा समजावा. कधी पाच, कधी वीस अंश असेल तर कपलिंग घसरतंय का ते बघावं. पल्स निसटत असेल तर सेन्सर असा सरकवायचा, की तो लागल्यापासून पल्सपर्यंत साधारण 5,000 काउंट, म्हणजे अर्धी फेरी, अंतर राहील.

शून्य बसलं की फिल्मचा रोलर जॉच्या मागे चालवायचा. पूर्वी हे काम चेन आणि दातेरी चाकं करत. आता कंट्रोलरमध्ये गुणोत्तर भरतात. रोलरच्या 300 मिमी घेराला 50,000 काउंट असतील, तर 150 मिमीच्या पुड्याला 25,000 लागतात. जॉची फेरी 1,00,000 काउंटची, तेव्हा गुणोत्तर 1/4.

पुडा 160 मिमीचा करायचा झाला तर 26,666.67 काउंट येतात. कुणी सोयीसाठी 26,667 भरलं, तर दर पुड्याला एक तृतीयांश काउंट, म्हणजे 0.002 मिमी फिल्म जास्त सुटते. मिनिटाला 200 पुड्यांच्या वेगानं तासाभरात हाच फरक 24 मिमी होतो आणि छापलेलं नाव सीलखाली जातं! म्हणून गुणोत्तर अपूर्णांकातच, 4/15 असं, भरतात.

एवढं करूनही फिल्म ताणली जाते, रोलरवर घसरते. ते गुणोत्तराला कळत नाही. त्यासाठी फिल्मच्या कडेला छापलेला आय मार्क फोटोसेलनं दर पुड्याला वाचून रोलर थोडा पुढे किंवा मागे सरकवावा लागतो.