गोळी ‘सोसत नाही’ म्हणजे नेमके काय?

आपल्या वस्त्यांमध्ये औषधाबद्दलची प्रत्येक तक्रार एकाच शब्दात बसते : रिअॅक्शन. गोळीने पोट बिघडले तरी रिअॅक्शन आणि ओठ सुजून श्वास अडकला तरी रिअॅक्शन. डॉक्टरांपुढे आपण सांगतो, “ती गोळी मला सोसत नाही.” डॉक्टर घाईत असले तर तेवढेच लिहून घेतात. या दोन्ही गोष्टी औषधाच्या पत्रकावर मात्र दोन वेगळ्या मथळ्यांखाली छापलेल्या असतात. एक मथळा ‘कॉन्ट्राइंडिकेशन्स’, दुसरा ‘साइड इफेक्ट्स’. पहिल्याला आम्ही या पानापुरते ‘मनाई’ म्हणू. दुसऱ्याला ‘त्रास’ म्हणू, कारण ‘दुष्परिणाम’ या शब्दाने उगीच धडकी भरते.

फरक असा. त्रासाच्या यादीत हे औषध घेतल्यावर काय काय होऊ शकते ते असते. ते कोणालाही होऊ शकते आणि पुष्कळांना होतच नाही. मनाईच्या यादीत औषधापेक्षा माणसाची चौकशी जास्त असते. कोणत्या माणसाने हे औषध घेऊच नये, ते तिथे लिहिलेले असते. म्हणून मनाई पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी वाचायची असते आणि त्रासाची यादी गोळी सुरू झाल्यावर कामाला येते.

हे समजून घ्यायला आपल्या पिंपरीचेच औषध घेऊ. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली ‘एचए’ कंपनी, 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने केंद्र सरकारने इथे उभी केली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आज आपल्या घरात येते ते बहुधा त्याच घराण्यातले अॅमॉक्सिसिलिन. घसा, दात, कान, गळू यांसाठी डॉक्टर ते लिहून देतात. वर्षावासाच्या या ओल्या दिवसांत तर घरोघरी त्याची पट्टी दिसते. हे घराणे ओळखायची खूण सोपी आहे. कंपनीने दिलेले नाव काहीही असो, त्याखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचे नाव असते आणि त्याच्या शेवटी ‘सिलिन’ येते : अॅम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन, अॅमॉक्सिसिलिन. एकाची मनाई ती साऱ्या घराण्याची मनाई.

आता समजा, महाळुंग्याला एका खोलीत दोन जावा राहतात. दोघी ठेकेदाराकडे कामाला जातात. थोरलीची दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरांनी ‘625’ची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस लिहून दिली. या आकड्यात 500 मिलिग्रॅम अॅमॉक्सिसिलिन असते आणि 125 मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक अॅसिड. तिसऱ्या दिवशी तिला तीन-चार पातळ जुलाब झाले. कंपनीत सारखे संडासला जायची सोय नाही, म्हणून तिने गोळ्या बंद केल्या आणि उरलेल्या डब्यात टाकल्या. काही महिन्यांनी धाकटीचा घसा धरला. डब्यातली तीच गोळी तिने घेतली. अर्ध्या तासात अंगावर गांधी उठल्या, पापण्या आणि ओठ सुजले, आवाज बसला. शेजारणी म्हणाल्या, उष्णता पडली. सुदैवाने दोन-तीन तासांत सूज उतरली.

पुढे दोघीही डॉक्टरांना एकच वाक्य सांगतात, “625ची रिअॅक्शन येते.”

थोरलीला झाला तो त्रास. या गोळीने जुलाब होणे अगदी नेहमीचे आहे. मोठ्या माणसांत दहातल्या एकाला किंवा त्याहून अधिक लोकांना ते होतात. औषध रोगाच्या जंतूंबरोबर आतड्यातले उपयोगी जंतूही मारते, म्हणून पोट बिघडते. जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर गोळी घेतली तर हा त्रास कमी होतो. पाणी आणि ओआरएस घेत राहावे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत. मात्र जुलाबात रक्त दिसले, फार पाणीदार जुलाब होऊ लागले किंवा सोबत ताप आणि पोटात कळा आल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. असे जुलाब औषध संपल्यानंतर काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतात. तेव्हा मागे घेतलेल्या गोळीचा उल्लेख आपण आठवणीने करायचा, कारण डॉक्टरांना त्या गोळीची माहिती नसते. पण साधे जुलाब झाले म्हणून थोरलीला पुढे कधी पेनिसिलिन द्यायचे नाही, असे होत नाही.

धाकटीला झाली ती अॅलर्जी. तिच्या शरीराने या औषधाला शत्रू म्हणून ओळखून ठेवले आहे. पुढच्या वेळी प्रतिक्रिया याहून मोठी असू शकते. घसा आतून सुजेल, छातीत सुई-सुई आवाज येईल, रक्तदाब कोसळून चक्कर येईल. ही वेळ घरी लिंबूपाणी देऊन काढायची नसते. 108ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचे, कारण तिथे लागते ते अॅड्रिनालिनचे इंजेक्शन. अॅमॉक्सिसिलिनच्या पत्रकावर मनाईखाली पहिलीच ओळ असते, की ज्याला कोणत्याही पेनिसिलिनची अॅलर्जी आहे त्याने हे घेऊ नये. ती ओळ आता धाकटीसाठी आहे. पहिली गोळी घेतली तोवर ती तिच्यासाठी नव्हती. त्रासाच्या यादीतली एखादी गोष्ट अशा रीतीने एकाच माणसापुरती मनाईच्या यादीत जाऊन बसते. दोन्ही शब्दांचा घोळ होतो तो इथेच.

अंगावर पुरळ उठणे हा मधला, अवघड प्रकार आहे. तासाभरात उठणाऱ्या, खाजणाऱ्या, जागा बदलणाऱ्या गांधी अॅलर्जीकडे बोट दाखवतात. चार-पाच दिवसांनी लहान मुलाच्या अंगावर आलेले बारीक लाल पुरळ पुष्कळदा मूळच्या विषाणूच्या तापाचे असते आणि दोष गोळीवर जातो. ते ठरवणे आपले काम नाही. औषध थांबवून मुलाला दाखवावे आणि पुरळाचा फोटो काढून ठेवावा, कारण दवाखान्यात जाईपर्यंत ते मावळलेले असते. तोंडात फोड येणे, डोळे लाल होणे, कातडी सुटणे हे मात्र कधीही साधे धरू नये. तसे झाल्यास ते औषध जन्मभरासाठी बंद.

कुणी म्हणेल, शंका असली तर सगळ्यांनीच ‘अॅलर्जी आहे’ लिहून घेतले तर बिघडले कुठे? बिघडते. आमच्या मते या बाजूची चूक जास्त पसरलेली आहे. ज्यांच्या कागदावर पेनिसिलिनची अॅलर्जी लिहिलेली असते, त्यांची नीट तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना ती नसते, असे ठिकठिकाणच्या तपासण्यांत दिसून आले आहे. थोरलीसारखे जुलाब, मळमळ, इंजेक्शनच्या कळेने आलेली भोवळ, असलेच काही त्यांच्या नावावर चढलेले असते.

त्याची किंमत बघा. दाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांना घसा बसून पुढे संधिवाताचा ताप येण्याचा धोका असतो. त्यात सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. पुन्हा ताप येऊ नये म्हणून अशा मुलाला बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर 21 दिवसांनी, वर्षानुवर्षे द्यावे लागते. ते कमरेत जोराने दुखते आणि एखादे मूल घाबरून डोळे फिरवते. तेवढ्यावरून ‘याला पेनिसिलिन चालत नाही’ असे ठरले, तर त्याला रोज गोळ्या घ्याव्या लागतात. तीन आठवड्यांतून एक सुई पाळणे आणि रोजची गोळी वर्षानुवर्षे न चुकवणे यात किती अंतर आहे, हे शिफ्टची ड्यूटी करणाऱ्या आई-बापांना आम्ही सांगायला नको.

मनाई नेहमी अॅलर्जीचीच असते असेही नाही. अंगदुखीवर सर्रास घेतली जाणारी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत चालत नाही, कारण पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी मिटू शकते. पोटात अल्सर असलेल्यालाही ती मना आहे. या माणसांनी ती गोळी पूर्वी कधी घेतलेलीच नसेल, तरी मनाई लागू आहे. आज आपण कोणत्या अवस्थेत आहोत यावरून ती ठरते, आणि अवस्था बदलली की मनाईही बदलते. मागच्या वर्षी चाललेली गोळी यंदा चालेलच असे नाही ते यामुळे.

पत्रकावर या दोन मथळ्यांच्या मध्ये ‘वॉर्निंग्ज’ म्हणून तिसरा मथळाही असतो. तो ‘घ्या, पण जपून’ या प्रकारचा. गाडी आणि यंत्र चालवण्याबद्दलची सूचनाही तिथेच आसपास सापडते. भोसरीत प्रेसवर उभे राहणाऱ्याने सर्दीची गोळी घेण्याआधी तेवढी एक ओळ कुणाकडून तरी वाचून घ्यावी.

आता अडचण अशी की पत्रक आपल्या हातात येतेच कुठे? मेडिकलवाला पट्टी कापून चार गोळ्या देतो. पत्रक खोक्यात राहते आणि पट्टीवरचे नावही कापलेल्या तुकड्यावर जाते. नाव असलेला तुकडा मागून घ्यावा, निदान पट्टीचा मोबाइलवर फोटो काढावा. पत्रक मागितले आणि खोक्यात असले, तर बहुतेक दुकानदार देतात. इंग्रजी असले तरी घरातली दहावी-बारावीची मुले ‘कॉन्ट्राइंडिकेशन्स’ हा मथळा शोधू शकतात. तिथल्या चार-पाच ओळींपैकी एखादी आपल्याला लागू वाटली, तर गोळी न घेता डॉक्टरांना विचारायचे.

आणि डॉक्टरांपुढे ‘रिअॅक्शन येते’ हे वाक्य सोडून द्यायचे. धाकटीने सांगायचे ते असे : “अॅमॉक्सिसिलिनची एक गोळी घेतली, अर्ध्या तासात गांधी आल्या, ओठ सुजले, आवाज बसला, दोन-तीन तासांत उतरले.” थोरलीने सांगायचे : “तिसऱ्या दिवशी तीन-चार जुलाब, रक्त नाही, गोळी बंद केल्यावर थांबले.” औषधाचे नाव, काय झाले, किती वेळाने झाले आणि कशाने थांबले, एवढे ऐकले की डॉक्टरांना त्रास आणि मनाई वेगळी करता येते. हेच शब्द केसपेपरवर किंवा ईएसआयच्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावेत.

ज्यांच्या कागदावर लहानपणापासून ‘पेनिसिलिन नको’ असे लिहिलेले आहे आणि का ते घरात कुणालाच आठवत नाही, त्यांनी वायसीएमसारख्या मोठ्या रुग्णालयात गेल्यावर हा विषय स्वतः काढावा. खरी अॅलर्जीसुद्धा दहा वर्षांत बहुतेकांच्या शरीरातून मावळते. ती उरली आहे का, हे बघताना त्वचेवर चाचणी करतात किंवा लहान मात्रा देऊन काही वेळ समोर बसवून ठेवतात, आणि अॅड्रिनालिन हाताशी असते. डब्यातली जुनी गोळी अर्धी तोडून घरी बघायची ही गोष्ट नाही.