वाटीत न मावणारा हिशेब

भाताच्या बाबतीत मराठी घरात कुणाला हिशेब शिकवावा लागत नाही. माणशी अर्धी वाटी तांदूळ, पाहुणा आला तर वर एक मूठ, आणि वाटीभर तांदळाचा साधारण तीन वाट्या भात. हे हाताला ठाऊक असतं. पास्त्याचं पाकीट फोडलं की मात्र तोच हात चाचपडू लागतो. पातेल्याच्या तळाशी पडलेला पास्ता बघून ‘एवढ्याने काय होणार’ असं वाटतं, आणखी दोन मुठी पडतात, आणि वीस मिनिटांनी चौघांसाठी आठ जणांचं जेवण तयार असतं.

पाकिटावरचा मजकूर वाचून गोंधळ वाढतोच. इटलीत एका माणसाचं प्रमाण ८० ग्रॅम कोरडा पास्ता असं धरतात. तिथल्या आहारतज्ज्ञांच्या शिफारशीतही हाच आकडा आहे. अमेरिकेतल्या ४५४ ग्रॅमच्या डब्यावर मात्र आठ जणांचं प्रमाण छापलेलं असतं, म्हणजे माणशी जेमतेम ५६ ग्रॅम. मोठमोठ्या ताटल्या भरून पास्ता खाणाऱ्या देशात प्रमाण लहान, आणि मोजूनमापून खाणाऱ्या देशात मोठं, हे कसं?

अमेरिकेचा आकडा मुळात किती खावं हे सांगण्यासाठी नाहीच. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने लेबलावरची पोषणमूल्यं एकमेकांशी ताडून बघता यावीत म्हणून प्रत्येक पदार्थाचं एक संदर्भ-प्रमाण ठरवून दिलं आहे. पास्त्यासाठी ते कोरडा ५५ ग्रॅम किंवा शिजवलेला १४० ग्रॅम असं आहे. इटलीचे ८० ग्रॅम जेवणाच्या पहिल्या वाढपाचे असतात, त्यामागून मासे, मांस किंवा भाजी येते. पास्ता हेच पूर्ण जेवण असेल तर तिथेही १०० ग्रॅमपर्यंत जातात. आपल्याकडे पास्ता बहुतेक वेळा एकटाच येतो, फार तर सोबत गार्लिक ब्रेड. पण आपल्या सॉसमध्ये दूध, मैदा, चीज आणि वाटीभर भाज्या असतात, त्यामुळे मोठ्या माणसाला ८० ग्रॅम पोटभर होतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला ५० पुरतात.

अमेरिकी संदर्भ-प्रमाणात ५५ चे १४० होतात, म्हणजे सुमारे अडीच पट. इटलीत शिजवलेला पास्ता तोलला तर तो सव्वादोन पटीच्या आसपास भरतो. पास्ता तोच, फरक शिजवण्यात आहे. इटालियन माणूस दाताला किंचित लागणारा पास्ता पाण्याबाहेर काढतो, मऊ आवडणारा तो आणखी तीन-चार मिनिटं उकळू देतो. त्या मिनिटांत पास्ता पाणी पीत राहतो.

हे पाणी जातं कुठे? इटलीच्या २००१ च्या नियमाप्रमाणे कोरड्या पास्त्यात १२.५ टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही. म्हणजे १०० ग्रॅममध्ये ८८ ग्रॅमच्या आसपास घन भाग, मुख्यतः पिष्ट आणि प्रथिनं. उकळत्या पाण्यात पिष्टाचे कण तापतात, फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. त्याच वेळी प्रथिनांचं जाळं घट्ट होऊन त्या फुगलेल्या कणांना जागच्या जागी आवळतं. पाणी बाहेरून आत सरकत असतं, म्हणून अर्धवट शिजलेली स्पगेटी दाताने तोडली तर मधोमध पांढरा ठिपका दिसतो. तिथवर पाणी अजून पोचलेलं नसतं. ठिपका टाचणीच्या टोकाएवढा उरला की इटालियन लोक गॅस बंद करतात. तेव्हा वजन दुपटीच्या जरा पुढे असतं. ठिपका पूर्ण गेल्यावरही उकळत ठेवलं की अडीच पट आणि त्यापुढे.

सगळाच पास्ता सारखं पाणी धरत नाही. चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा, आणि बन्सी रव्याचा उपमा मोकळा का होतो हे ज्याने पाहिलंय त्याला पास्त्याचं गमक वेगळं सांगायला नको. साध्या मैद्याचा स्वस्त पास्ता पाणी पितो, पण त्याचं जाळं कच्चं असल्याने पिष्ट बाहेर सांडतं. उकळीचं पाणी खळीसारखं दाट झालं, नळ्या चिरल्या, कडा विरघळल्या की समजावं, वजनाचा काही भाग पाण्यात गेला. असा पास्ता फुगलेला दिसतो, पण चाळणीत निथळल्यावर चिकटून गोळा होतो.

वजन सव्वादोन पट होतं, मग वाटीने का मोजू नये? कारण आकारमानाचं गणित वेगळं चालतं. १०० ग्रॅम कोरड्या पास्त्याचा भरीव भाग सुमारे ७० घन सेंटिमीटर जागा घेतो. त्यात सव्वाशेच्या आतबाहेर ग्रॅम पाणी शिरलं की हा भाग पावणेतीन पटीच्या जवळ जातो. पण वाटीत मोजताना आपण भरीव भागासोबत मधली हवाही मोजत असतो. पेनेच्या पोकळ नळ्यांत आणि त्यांच्या मधल्या फटींत हवा आधीपासून भरपूर असते, म्हणून कोरडी पेने पातेल्यात मोठी दिसते आणि शिजून साधारण दुप्पट दिसते. स्पगेटीचं उलट. कोरड्या काड्या एकमेकींना चिकटून शिस्तीत बसतात, त्यामुळे ८० ग्रॅमची जुडी जेमतेम बोटभर जाड भासते. शिजल्यावर त्याच काड्या वळतात, गुंततात, मध्ये हवा धरतात आणि ताटली भरते. स्पगेटी हमखास जास्त होते ती यामुळे. आणि एकाच वाटीत बारीक मॅकरोनी पेनेपेक्षा बरीच जास्त बसते, तेव्हा ‘माणशी एक वाटी’ हा सल्ला आकार सांगितल्याशिवाय निरुपयोगी आहे.

काटा नसेल तर पाकिटाची वाटणी हा त्याहून खरा उपाय. ५०० ग्रॅमच्या पाकिटाचे आधी दोन सारखे ढीग करा, मग प्रत्येकाचे तीन. सहा ढीग, दर ढीग ८३ ग्रॅम. स्पगेटी मोजायला भोकं असलेल्या पट्ट्या मिळतात, पण मूठ सैल की घट्ट यावर त्यातून निघणारं वजन चांगलंच बदलतं. एकदा काट्यावर ८० ग्रॅम तोलून आपल्या मुठीत ती जुडी कशी वाटते ते पाहावं, पट्टीपेक्षा ते जास्त विश्वासाचं.

आता एक बेत घेऊ. पाच मोठी माणसं, तीन मुलं, व्हाइट सॉसमधली पेने. पाच गुणिले ८० म्हणजे ४००, तीन गुणिले ५० म्हणजे १५०, एकूण ५५०. सॉसमध्ये भाज्या आणि चीज आहे, तेव्हा दुसरं पाकीट फोडायची गरज नाही, ५०० पुरे. इटालियन रिवाज १०० ग्रॅमला एक लिटर पाणी आणि लिटरला सुमारे १० ग्रॅम मीठ असा आहे. आपल्याकडे पाच लिटर पाणी उकळेल एवढं पातेलं ओट्यावर असेलच असं नाही, पण तीन लिटरमध्येही काम होतं. अमेरिकी लेखक हॅरल्ड मॅक्गी यांनी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलं होतं की याहून कितीतरी कमी पाण्यातही पास्ता नीट शिजतो. अट एकच. पहिली दोन-तीन मिनिटं ढवळत राहायचं, कारण पृष्ठभागावरचं पिष्ट तेव्हाच चिकट असतं. पाणी कमी घेतलं तर मीठही त्या पाण्याच्या मापाने घ्यायचं.

निथळल्यावर ५०० ग्रॅमचे सुमारे ११०० ग्रॅम व्हायला हवेत. काट्यावर हजाराच्या खाली भरला तर आत कच्चा आहे, १२५० च्या वर गेला तर मऊ पडला आहे. त्यात सातशे-आठशे ग्रॅम सॉस आणि भाज्या गेल्या की एकूण १८५० च्या आसपास. मोठ्यांच्या ताटलीत २७० ग्रॅम, मुलांच्या १७०. कोरड्या पेनेचं पाकीट बघून हे खरं वाटत नाही, पण ताटल्या भरतात.

ज्यांना उष्मांक मोजायचे आहेत त्यांची फसगत इथेच होते. १०० ग्रॅम कोरड्या पास्त्यात साडेतीनशे ते पावणेचारशे किलोकॅलरी असतात, १०० ग्रॅम शिजवलेल्यात सुमारे १६०. आहाराच्या तक्त्यात नुसतं ‘पास्ता १०० ग्रॅम’ लिहिलं असेल तर आकडा दुपटीहून जास्त इकडेतिकडे होऊ शकतो. इटलीत वजन कच्च्याचं सांगायची पद्धत आहे आणि तीच सोयीची, कारण कोरड्या पास्त्याचं वजन कुणाच्या घड्याळावर अवलंबून नसतं. सगळ्यांचा पास्ता एकाच पातेल्यात शिजला असेल तरी वाट काढता येते. समजा कोरडा ३०० ग्रॅम होता आणि सॉस घालण्याआधी निथळून ६६० भरला. म्हणजे २.२ पट. तुमच्या ताटलीत यातला १७६ ग्रॅम आला असेल तर २.२ ने भागा, कोरड्याचे ८० ग्रॅम तुम्ही घेतलेत.

हक्का नूडल्सना हाच हिशेब लावताना थोडं कमी धरावं. त्या आधी उकळून, गार पाण्याखाली धरून, तेलाचा हात लावून मग मोठ्या आचेवर परतायच्या असतात, म्हणून त्या उकळतानाच पूर्ण शिजवत नाहीत. दुप्पट झाल्या की काढायच्या. पुढे कढईत थोडी वाफही उडते. १५० ग्रॅमचं पाकीट भाज्या घालून दोघांना पुरतं. तळून वाळवलेल्या झटपट नूडल्सची गोष्ट निराळी. त्यांच्या वजनातला चांगला भाग तेलाचा असतो, शिवाय त्यांचं पाणी गाळून टाकत नाहीत, ते सगळं वाडग्यातच राहतं. तिथे शिजल्यानंतरचं वजन बघण्यात अर्थ नाही, पाकिटावरचं कोरडं वजनच खरं.

गॅस बंद केला म्हणून फुगणं थांबत नाही. शेवयांची खीर रात्री ओतता येईल अशी पातळ असते आणि सकाळी चमचा उभा राहतो, कारण शेवया रात्रभर दूध ओढत असतात. व्हाइट सॉसमधला पास्ताही टेबलावर अर्ध्या तासात तसाच आळतो. सॉसमधलं पाणी नळ्यांच्या आत जातं, बाहेर मैदा आणि चीज उरतं, आणि लोक म्हणतात सॉस कमी पडला. पाहुणे उशिरा येणार असतील तर पास्ता दोन मिनिटं आधी काढावा, तेलाचा हात लावून वेगळा ठेवावा, आणि उकळीचं वाटीभर पिठूळ पाणी बाजूला ठेवून वाढायच्या वेळी सॉस त्यानेच सैल करावा. भट्टीत भाजायचा असेल तर पाकिटावरच्या वेळेपेक्षा तीन मिनिटं आधी काढावा आणि सॉस नेहमीपेक्षा पातळ ठेवावा. उरलेलं पाणी तो भट्टीत सॉसमधून घेईलच. कोरड्याचं माप मात्र तेच, माणशी ८०.