वर्कशीट आणि उत्तरसूची : समज, गैरसमज

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’मध्ये ‘उष्णता’ नावाचा धडा आहे. अप्रकट उष्मा, पाण्याचे असंगत आचरण, विशिष्ट उष्माधारकता अशा संकल्पना त्यात येतात. या धड्यावर वर्कशीट करायला बसलेले बहुतेक शिक्षक पुस्तक उघडतात, महत्त्वाची वाक्ये शोधतात आणि त्यातला एकेक शब्द काढून रिकाम्या जागा करतात. तासाभरात वीस प्रश्न तयार होतात. धड्याची वर्कशीट म्हणजे धड्यातली वाक्ये उलटसुलट करून विचारणे, हा या कामातला पहिला आणि सर्वांत रुजलेला गैरसमज.

‘पदार्थाची अवस्था बदलत असताना त्याचे ______ स्थिर राहते’ ही रिकामी जागा ‘तापमान’ लिहून भरणाऱ्या मुलाला ती गोष्ट कळली आहे असे मुळीच नाही. त्याच मुलाला विचारावे : पातेल्यात पाणी खळखळ उकळते आहे, आता गॅस मोठा केला तर पाण्याचे तापमान वाढेल, कमी होईल की तेवढेच राहील? ‘वाढेल’ म्हणणारी मुले प्रत्येक वर्गात भेटतात. पाठ केलेले वाक्य आणि स्वयंपाकघरातला अनुभव त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत पडून असतात. म्हणून वर्कशीटची सुरुवात वाक्यांपासून करू नये. या धड्यात मुले नेमकी कुठे चुकतात याची छोटी यादी आधी करावी. ‘उष्णता’च्या बाबतीत ती तीन-चार ओळींत संपते : उष्णता दिली की तापमान वाढतेच असे वाटणे, वितळणे आणि तापणे यांची सरमिसळ, वाफ आणि उकळते पाणी सारखेच भाजतात ही समजूत, एककांचा घोळ. प्रत्येक प्रश्न यांपैकी कशाची तरी चाचपणी करणारा हवा.

दुसरा गैरसमज काठिण्य पातळीचा. आकडे मोठे केले की प्रश्न अवघड होतो, असे मानले जाते. शून्य अंशाचा ५ ग्रॅम बर्फ वितळायला किती उष्णता लागेल, याचे उत्तर ५ × ८० = ४०० कॅलरी. बर्फ २३७ ग्रॅम घेतला तर उत्तर येते १८,९६० कॅलरी. गुणाकार लांबला, पण विज्ञानाचा विचार तसूभरही वाढला नाही. असा प्रश्न अडला तर तो गणितामुळे अडतो आणि शिक्षकाला वाटते, मुलाला अप्रकट उष्माच समजलेला नाही.

काठिण्य वाढते ते विचाराच्या पायऱ्यांनी, आणि कोणती पायरी कधी घ्यायची हे मुलाने स्वतः ठरवण्याने. तोच ५ ग्रॅम बर्फ तीन पातळ्यांवर वापरता येतो. पहिल्या पातळीवर तो नुसता वितळतो. दुसऱ्या पातळीवर तो वितळून त्या पाण्याचे तापमान २० अंश होते, म्हणजे ४०० कॅलरीत आणखी १०० मिळवायच्या. तिसऱ्या पातळीवर शून्य अंशाच्या बर्फाची १०० अंशांची वाफ होते. इथे तीन टप्पे आहेत, हे प्रश्नात कुठेही लिहिलेले नसते. ते ओळखणे हीच अवघड गोष्ट. आकडे लहानच राहतात, त्यामुळे चूक झाली तर ती समजुतीची आहे की आकडेमोडीची, हे लगेच दिसते.

याच ठिकाणी बेंजामिन ब्लूम यांच्या वर्गीकरणाचा आधार घेतला जातो, आणि तोही अनेकदा चुकीचा. १९५६ साली मांडलेल्या आणि २००१ मध्ये सुधारलेल्या त्या वर्गीकरणात स्मरण, आकलन, उपयोजन अशा विचाराच्या पातळ्या आहेत. त्या विचाराचा प्रकार सांगतात; प्रश्न सोपा की अवघड, हे त्यावरून आपोआप ठरत नाही. बाष्पनाचा अप्रकट उष्मा ५४० कॅलरी प्रति ग्रॅम हे नुसते आठवायचे असते, तरी तो आकडा विसरणारी मुले पुष्कळ. खरी काठिण्य पातळी वर्गाने पेपर सोडवल्यावरच कळते. चाळीसपैकी छत्तीस मुलांना जमलेला प्रश्न ‘कठीण’ गटात ठेवण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी तो सोप्या गटात सरकवावा.

आता उत्तरसूची. या कामात सर्वाधिक हेळसांड तिचीच होते. ‘प्र. ९ : ३६०० कॅलरी’ एवढे लिहिले की उत्तरसूची झाली, असे समजतात. बर्फाची वाफ करण्याच्या प्रश्नाचे हे अंतिम उत्तर बरोबरच आहे : वितळण्यासाठी ४००, शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापण्यासाठी ५००, वाफेसाठी २७००. पण तपासणाऱ्याला खरी मदत होते ती चुकीच्या उत्तरांची. मुलाने ९०० लिहिले असेल, तर तो पाणी १०० अंशांवर पोचले की वाफ झालीच असे धरून थांबला आहे. ३२०० आले, तर वितळण्याचा टप्पा सुटला. ३१०० आले, तर मधले तापणे सुटले. नुसते ५०० आले, तर अप्रकट उष्मा ही संकल्पनाच त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. या चार आकड्यांसमोर चार कारणे लिहिलेली असली, की पेपर तपासतानाच दुसऱ्या दिवशी कोणाला काय पुन्हा शिकवायचे ते ठरते. गुणही टप्प्यागणिक द्यावेत. तिन्ही टप्पे बरोबर आणि फक्त बेरीज चुकली, तर सगळे गुण कापणे अन्यायाचे.

वर्णनात्मक प्रश्नाला तर उत्तरसूची अधिकच लागते. १०० अंशांची वाफ त्याच तापमानाच्या पाण्यापेक्षा जास्त का भाजते? ‘वाफ जास्त गरम असते’ हे उत्तर हमखास येते, आणि घाईत त्याला अर्धा गुणही मिळून जातो. सूचीत स्पष्ट हवे : तापमान सारखेच आहे, पण एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना आधी ५४० कॅलरी बाहेर पडतात. पुढे १०० अंशांवरून ४० अंशांपर्यंत निवताना दोघांकडूनही ६० कॅलरीच मिळतात. म्हणजे पाण्याकडून ६०, वाफेकडून ६००. हा मुद्दा नसेल तर गुण नाही.

उत्तरसूची स्वतंत्र ठेवायची म्हणजे शेवटच्या पानावर उलटी छापायची, हाही एक समज. स्वतंत्र म्हणजे वेगळा कागद, वेगळी फाईल आणि दोन्हींवर एकच संच क्रमांक. असे न केल्यास नेहमीची फजिती होते : वर्कशीटमधला सहावा प्रश्न ऐन वेळी गाळला जातो, पुढचे क्रमांक सरकतात आणि सूची जुनीच राहते. मग बरोबर उत्तरांवर फुल्या पडतात.

शिवाय, सूची लिहायला बसल्यावरच प्रश्नातले दोष बाहेर येतात. ‘पाणी किती अंशांवर उकळते?’ याचे उत्तर १०० लिहिताना आठवावे की सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला ते चार-साडेचार अंश आधीच उकळते. तेव्हा प्रश्नात ‘सामान्य वायुदाबाला’ हे शब्द घालावे लागतात. एखाद्या मुलाने ३६०० कॅलरीऐवजी १५,०४८ ज्यूल लिहिले तर? एक कॅलरी म्हणजे ४.१८ ज्यूल, त्यामुळे तेही बरोबर. सूचीत तशी नोंद हवी, किंवा उत्तर कोणत्या एककात द्यायचे ते प्रश्नातच सांगावे.

म्हणून वर्कशीट झेरॉक्सला देण्याआधी ती दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला सूचीविना सोडवायला द्या. त्यांची उत्तरे सूचीशी जुळली नाहीत, तर आधी आपला प्रश्न तपासा.