गल्ल्यावरून पाठवलेला निरोप

"नमस्कार. आमच्या कोल्हापुरी चपलांची वेबसाइट करायची आहे. प्रत्येक चपलेचं पान स्वच्छ आणि मॉडर्न दिसावं, फोटो मोठे हवेत, मोबाइलवर नीट चाललं पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या साइटसारखं करा. खर्च किती येईल कळवा."

लहान दुकानदार फ्रीलान्सरला पहिला निरोप पाठवतो तो बहुतेक असाच असतो. त्यात चुकीचं काही नाही, पण त्यावरून पान बांधता येत नाही. स्वच्छ म्हणजे काय, मोठा फोटो म्हणजे कशाचा, हे फ्रीलान्सरला कळायला मार्ग नसतो. मग तो तयार थीम घेतो. ती बहुधा टी-शर्टाच्या हिशोबानं केलेली असते. तो तीत चपलेचा फोटो टाकतो, खाली ६ ते १० असे आकडे लावतो आणि दुकानदाराला लिंक पाठवतो. पान दिसायला छान असतं, दुकानदार खूश होतो. दोष कळतो तो पुढच्या महिन्यात, परत आलेल्या पार्सलांचा ढीग दुकानात लागला की.

या निरोपाकडे नीट लक्ष द्यावं असं मला वाटतं. पान विकतं की परत आणतं, हे बरंचसं त्या चार ओळींतच ठरून गेलेलं असतं. उदाहरण कोल्हापुरी चपलेचंच घेऊ, कारण लांबून विकायला ती फार अवघड वस्तू आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. पारंपरिक चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, आणि शिवण कातड्याच्याच वादीची असते, खिळा मारत नाहीत. हातानं कापलेल्या आणि हातानं शिवलेल्या दोन जोड्या हुबेहूब सारख्या निघत नाहीत. कातड्याचा रंगही दर खेपेला थोडा बदलतो.

दुकानात या गोष्टींची अडचण होत नाही. गिऱ्हाईक दारातून आत येतं तेव्हाच दुकानदाराची नजर त्याच्या पावलावर गेलेली असते. तो न विचारता आठ नंबर काढतो, पायात घालायला लावतो, अंगठ्याजवळ बोट दाबून बघतो, मागे टाच तळाच्या बाहेर येते का ते बघतो. "पट्टा आत्ता घट्ट लागेल, चार दिवसांत सैल होईल," असं सांगतो. व्यवहार होतो तो या दोन मिनिटांत. पानाला हेच काम करायचं आहे, म्हणून निरोपाची सुरुवातही इथूनच व्हायला हवी. गल्ल्यावर रोज कोणते प्रश्न येतात आणि आपण काय उत्तर देतो, हे दुकानदारानं लिहून काढलं की पानाचा निम्मा आराखडा तयार होतो. रंग आणि अक्षरांचं वळण फ्रीलान्सरवर सोडावं, ते त्याला आपल्याहून चांगलं कळतं.

अशा दुकानदाराचा दुसरा निरोप कसा असेल, तो मी इथे रचून देतो. त्यातला मापाचा भाग असा:

"आमचा नंबर म्हणजे बुटाच्या डब्यावर UK पुढे लिहिलेला आकडा. पानावर नुसतं ८ लिहू नका, 'UK ८' लिहा. त्याखाली पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या. आमच्या पुरुषांच्या आठ नंबरचा तळ २७ सेंमी आहे, तो २५.७ ते २६.५ सेंमी पावलाला बसतो. नऊ नंबरचा तळ २७.८ सेंमी, तो २६.६ ते २७.३ ला. बाकीच्या नंबरांचा तक्ता सोबत आहे. तक्ता वेगळ्या पानावर टाकू नका, आकड्यांच्या लगेच खाली उघडला पाहिजे. कुठलंही माप आधीच निवडलेलं नको. माप न निवडता कुणी बटण दाबलं, तर तिथेच 'आधी माप निवडा' असं दिसू दे."

इथलं प्रत्येक वाक्य एकेक पार्सल वाचवतं. ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचं अंतर इंचाचा तिसरा भाग, म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटर असतं. पुरुषांचा UK ८ अमेरिकी पद्धतीत साधारण ९ होतो आणि युरोपीय पद्धतीत ४२. खेळाच्या बुटाच्या डब्यावर हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. पुण्यातला एखादा मुलगा त्यातला US ९ लक्षात ठेवतो आणि चपलेच्या पानावर ९ दाबतो. त्याला हवा असतो आठ. पार्सल पोचतं, टाच तळावर नीट बसते, पण पुढे बोटभर जागा उरते आणि अंगठा सरकतो. 'माप मोठं निघालं' असं लिहून तो चप्पल परत पाठवतो. चप्पल बरोबर असते, पाऊलही बरोबर असतं, पानावरचा आकडा तेवढा अपुरा असतो.

आधीच निवडलेलं माप हा याच जातीचा दोष. पान उघडताच ६ हा आकडा निवडलेला असेल, तर घाईतलं गिऱ्हाईक थेट खरेदीचं बटण दाबतं. एखाद्या दुकानात सहा नंबरच्या ऑर्डरी एकाएकी वाढल्या आणि त्याच परतही येऊ लागल्या, तर आधी इथेच बघावं.

पाऊल कसं मोजायचं ते सांगणाऱ्या तीन ओळीही दुकानदारानंच द्याव्यात. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, सर्वांत लांब बोटापुढे खूण करा, टाचेपासून खुणेपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही पावलं मोजा आणि मोठं असेल ते धरा, संध्याकाळी मोजलं तर जास्त चांगलं. तळाची लांबी मात्र दुकानदारानं आपल्याच मालाची मोजावी. दुसऱ्या साइटवरचा तक्ता उचलला, तर तो दुसऱ्याच कारागिराच्या फर्म्याचा असतो.

संपलेल्या मापाचं काय करायचं हेही निरोपात यायला हवं, कारण हातमालात ते रोजचंच आहे. वूकॉमर्समध्ये `Hide out of stock items from the catalog` अशी एक खूण असते. ती लावली की संपलेला माल यादीतून जातो आणि संपलेली मापंही पर्यायांतून गायब होतात. नऊ नंबरवाल्याला वाटतं की या दुकानात नऊ बनतच नाही. त्याला ९ हा आकडा फिकट आणि खोडलेला दिसावा, शेजारी 'आलं की कळवा' अशी जागा असावी. दुकानदाराला यातून आणखी एक गोष्ट कळते: पुढच्या खेपेला कारागिराला कोणत्या नंबरच्या जोड्या जास्त सांगायच्या.

आता फोटो. 'मोठे फोटो हवेत' यापेक्षा कोणते हवेत हे सांगावं. जोडीचा वरून एक. बाजूनं एक, ज्यात तळाची जाडी दिसेल. तळ उलटा करून एक, ज्यात वादीची शिवण दिसेल. वेणीचा जवळून एक. पायात घातलेला एक, आणि तळाशेजारी पट्टी ठेवून एक. हे सहा पुरतात. उलटा तळ दाखवायला दुकानदार कचरतात, तो सुंदर दिसत नाही म्हणून. पण जाणतं गिऱ्हाईक दुकानात चप्पल हातात घेतल्याबरोबर उलटीच करून बघतं, आणि खिळे किंवा नुसतं चिकटवलेलं काम तिथेच उघडं पडतं. माल खरा असेल तर तुमच्या बाजूनं बोलणारा फोटो तोच. सगळे फोटो एकाच खिडकीशी, दिवसाच्या उजेडात काढावेत. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली बाभळीच्या सालीचा तपकिरी रंग तांबूस दिसतो, आणि 'रंग वेगळा आला' ही तक्रार तिथून सुरू होते. फोनमधला मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो लहान करणं हे फ्रीलान्सरचं काम, पण निरोपात एक ओळ टाकावी: गावाकडच्या नेटवर्कवर पहिला फोटो लगेच उघडला पाहिजे.

फोटोतलीच जोडी पाठवणार की तशी दुसरी, हेही फोटोखाली लिहिलेलं असावं. 'रंगात आणि वेणीत थोडा फरक असेल, ही चप्पल हातानं बनते' हे वाक्य पानाच्या तळाशी अटी-नियमांत टाकलं तर कुणी वाचत नाही. 'पहिले काही दिवस पट्टा घट्ट लागेल' या ओळीची जागाही मापाजवळच आहे. ती न वाचलेला माणूस पहिल्याच दिवशी चप्पल परत करतो.

किमतीबद्दल निरोप छोटा पण स्पष्ट असावा. समजा जोडी १,४०० रुपयांची आहे आणि कुरियरला ८० लागतात. मग पानावरच '१,४०० + ८० पोच' असं दिसावं. शेवटच्या पायरीवर अचानक वाढलेला आकडा गिऱ्हाइकाला पळवतो. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही अशी लपवलेली किंमत येते. खोटी घाई दाखवणंही त्याच यादीत आहे. तयार थीमबरोबर उलटं मोजणारं घड्याळ किंवा '१४ जण हे पाहत आहेत' असली पट्टी येते. ती काढून टाका, असं निरोपात साफ लिहावं. आठ नंबरची एकच जोडी उरली असेल तर 'एकच जोडी' लिहायला हरकत नाही, कारण ते खरं आहे. कर धरून किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, मूळ देश, तक्रारीसाठी संपर्क ही माहिती कायद्यानं द्यावी लागते. तिची जागा सुरुवातीलाच ठरवावी, नाहीतर ती मागाहून कुठेतरी चिकटवली जाते. भौगोलिक मानांकनाचं चिन्ह मात्र हौसेनं लावायचं नसतं. ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि तशी असेल तरच चिन्हाची फाइल फ्रीलान्सरला द्यावी.

काम रखडतं ते बहुतेक वेळा मजकुरापायी. फ्रीलान्सरला वाटतं वर्णन दुकानदार देईल, दुकानदाराला वाटतं साइट करणाराच लिहील. शेवटी पानावर थीममधली इंग्रजी ओळ तशीच राहते. म्हणून दुकानदारानं आधी एकाच चपलेची सगळी माहिती द्यावी, तेवढं एक पान पूर्ण करून घ्यावं आणि ते पटलं की मगच उरलेल्या चाळीस चपलांना हात लावावा. पहिलं पान तपासताना ते आपल्या दुकानाची माहिती नसलेल्या एखाद्या माणसाला फोनवर उघडून द्यावं. "तुझ्या मापाची जोडी मागव," एवढंच सांगावं आणि मध्ये बोलू नये. तो जिथे थांबून विचारतो, तिथे पानात काहीतरी कमी आहे.

एवढं करूनही एक गोष्ट पानावर मावत नाही. लांबी सारखी असलेली दोन पावलं रुंदीला आणि वरच्या उंचवट्याला वेगळी असतात, आणि कोल्हापुरीचा पट्टा नेमका त्या उंचवट्यावर बसतो. काही जोड्या बदलून द्याव्या लागणारच. म्हणून निरोपाचा शेवटचा परिच्छेद अदलाबदलीचा असावा: किती दिवसांत, जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा, आणि चप्पल आधी घरात फरशीवर घालून बघा ही सूचना. डांबरी रस्त्यावर दहा पावलं चाललं तरी कोऱ्या तळावर ओरखडे उठतात आणि ती जोडी पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही. ही सूचना पानावर असावीच, शिवाय पार्सलमध्ये चपलेच्या वर ठेवायच्या चिठ्ठीवरही असावी. ती चिठ्ठी छापायचं कामही याच निरोपात फ्रीलान्सरला सांगून टाकावं.