डुंगरवाडीच्या आकाशातली गिधाडे

केम्प्स कॉर्नरच्या उड्डाणपुलाखालून गिरगाव चौपाटीकडे जाताना डाव्या-उजव्या इमारतींच्या गर्दीत मलबार हिलचा एक हिरवा उतार अजून शिल्लक दिसतो. ती पारशांची डुंगरवाडी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे पहिला दखमा बांधला गेला. माती, पाणी आणि अग्नी या तिन्ही पवित्र गोष्टी मृतदेहाने विटाळू नयेत म्हणून तो उघड्या दगडी वर्तुळात ठेवायचा आणि पुढचे काम गिधाडांनी करायचे, ही तिथली रीत. गिधाडांचा मोठा थवा असेल तर हे काम अर्ध्या-पाऊण तासात उरकत असे. विसाव्या शतकाच्या शेवटी हा थवाच गेला. मुंबईतल्या एका धार्मिक व्यवस्थेचा पायाच एका पशुवैद्यकीय इंजेक्शनाने काढून घेतला, असे आज म्हणता येते. तेव्हा मात्र गिधाडे का मरताहेत हे कुणालाच ठाऊक नव्हते.

पहिली ठोस नोंद मुंबईतच छापली गेली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात वर्षानुवर्षे गिधाडांची घरटी मोजणारे विभू प्रकाश यांचा लेख 1999मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. सोसायटीचे कार्यालय फोर्टमधल्या हॉर्नबिल हाऊसमध्ये आहे, डुंगरवाडीपासून काही किलोमीटरवर. प्रकाश यांना झाडांवर मान खाली टाकून बसलेली, निस्तेज गिधाडे दिसत होती आणि काही दिवसांत ती खाली पडलेली सापडत होती. संशय संसर्गावर गेला, तसाच कीटकनाशकांवर. दोन्ही वाटा चुकीच्या निघाल्या.

उत्तर मिळाले सरहद्दीपलीकडे. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानच्या पंजाबात पांढऱ्या पाठीची मेलेली गिधाडे फाडून पाहिली, तर बहुतेकांच्या यकृतावर, हृदयावर, आतड्यांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. हे युरिक आम्लाचे स्फटिक. पक्षी मूत्राऐवजी घट्ट पांढरे युरिक आम्ल बाहेर टाकतात, आणि मूत्रपिंडे बंद पडली की ते अंगातच साचते. मूत्रपिंडे का बंद पडली याचा शोध घेताना संशोधकांनी जनावरांना कोणती औषधे दिली जातात याची चौकशी केली आणि डायक्लोफिनॅकपाशी थांबले. मग तपासणी सोपी झाली: असा थर असलेल्या 25 गिधाडांच्या मूत्रपिंडात हे औषध सापडले, थर नसलेल्या 13 पैकी एकातही नाही. औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊ घातलेली गिधाडेही याच पद्धतीने मेली. 2004 साली हा शोध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

माणसाच्या पाठदुखीवर चालणारे हे औषध नव्वदच्या दशकात जनावरांसाठीही स्वस्त झाले होते. ताप चढलेली किंवा कास सुजलेली गाय एका सुईने उभी राहते, हे दिसल्यावर शेतकरी ते मागणारच. त्याला दोष देता येत नाही. गाय बरी झाली तर औषध काही दिवसांत तिच्या अंगातून निघून जाते. प्रश्न येतो तो सुई दिल्यानंतर दोन-तीन दिवसांत ती मेली तर. मेलेली गाय गावाबाहेर टाकायची, कातडे काढले की उरलेले गिधाडे संपवायची.

यातले हिशेब समजून घेण्याजोगे आहेत. जी मात्रा पोटात गेल्यास निम्मी गिधाडे दगावतात, ती दर किलो वजनामागे 0.1 ते 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास आहे. गिधाड साधारण पाच किलोचे, म्हणजे त्याला अर्धा ते एक मिलिग्रॅम पुरतो. गाईला दिली जाणारी मात्रा याच्या शेकडो पट असते. यात भर पडते गिधाडाच्या आयुष्यक्रमाची. जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पहिले अंडे घालायला चार-पाच वर्षे वाट पाहते, त्यामुळे प्रौढ पक्ष्यांमधली थोडीशी जास्त मरतूकसुद्धा भरून निघत नाही. शिवाय एका शवावर डझनावारी पक्षी उतरतात. रीस ग्रीन यांच्या गणितानुसार 760 शवांपैकी एका आणि 130 शवांपैकी एका शवात औषध असणे या दोन टोकांच्या मधले कोणतेही प्रमाण दिसलेली घसरण घडवायला पुरेसे होते. 2004-05मध्ये भारतात तपासलेल्या शवांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास निघाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत 99.9 टक्क्यांनी घटली, यात मग नवल राहत नाही.

गिधाडांची जागा कुत्र्यांनी घेतली. उघड्यावर पडलेले शव गिधाडे तासाभरात संपवीत. कुत्रे आठवडाभर पुरवून खातात आणि पिल्ले वाढवतात. अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी 2008 साली मांडलेल्या अंदाजानुसार गिधाडे गेल्याने देशात पन्नास लाखांहून अधिक कुत्रे वाढले आणि 1992 ते 2006 या काळात रेबीजने सुमारे 47,300 माणसे जास्त मेली. पुढे इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी, गिधाडांना पूर्वी अनुकूल असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची तुलना करून, 2000 ते 2005 या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला. त्यात कुत्र्यांबरोबर पाण्यात कुजणारी शवेही आली. ही सारी अप्रत्यक्ष गणिते आहेत, त्यांची टोके ताणता येतात. पण मुंबईपुरते एक सांगायला हवे. दादर-लालबागची कुत्री कचऱ्यावर आणि माणसांनी टाकलेल्या अन्नावर जगतात. कस्तुरबा रुग्णालयात येणारा रेबीजचा रुग्ण गिधाडांमुळे आला, असे त्याच्याविषयी कुणाला सांगता येणार नाही. ही साखळी गावाबाहेरच्या शव टाकण्याच्या जागांवर घट्ट आहे, शहराच्या पोटात सैल आहे.

सरकारने 2006 साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनवायला मनाई केली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे प्रयोगांनी दाखवले, त्यामुळे पशुवैद्याला पर्यायही होता. तरी दुकानात माणसांसाठीच्या 30 मिलिलिटरच्या बाटल्या मिळत होत्या आणि त्या गोठ्यात पोचत होत्या. 2015मध्ये माणसांच्या इंजेक्शनाची बाटली 3 मिलिलिटरची करण्याचा नियम आला, तेव्हा ही वाट थोडी अरुंद झाली. मधल्या काळात बाजाराने दुसरी दुखणेशामके उचलली. ॲसिक्लोफिनॅक गाईच्या अंगात जाऊन डायक्लोफिनॅकच बनते. ते आणि केटोप्रोफेन 2023मध्ये जनावरांसाठी बंद झाले. प्रत्येक वेळी औषध आधी बाजारात, चाचणी नंतर, हा क्रम माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट आहे.

डुंगरवाडीला या मनाईचा काहीच उपयोग नाही, कारण तिथला विषय माणसाचा आहे. डायक्लोफिनॅक माणसांसाठी आजही कायदेशीर आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला शेवटच्या दिवसांत तेच किंवा त्याच जातीचे औषध मिळण्याची शक्यता मोठी. एका 50 मिलिग्रॅमच्या गोळीत, कागदावरच्या हिशेबाने, निदान पन्नास गिधाडांना पुरेल एवढा साठा असतो. प्रत्यक्षात माणसाचे शरीर ते काही तासांतच बाहेर टाकू लागते, म्हणून सगळे शेवटची मात्रा कधी दिली यावर ठरते. इंजेक्शन दिलेल्या स्नायूत आणि यकृत-मूत्रपिंडांत ते अधिक सापडते.

म्हणूनच गिधाडे पाळून त्यांच्यासाठी बंदिस्त जाळी उभारण्याच्या प्रस्तावावर 2012च्या सुमारास चर्चा झाली, तेव्हा पिंजऱ्याच्या खर्चापेक्षा अवघड गोष्ट दुसरीच होती: प्रत्येक घराने, प्रत्येक डॉक्टरने मृत व्यक्तीला शेवटच्या तीन दिवसांत कोणते दुखणेशामक दिले हे खात्रीने सांगावे लागणार होते. एका घराची विस्मृती पुरे. पारशी पंचायतीने त्याआधीच दखम्यांवर सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवले होते. उन्हाळ्यात ते शव वाळवतात, पावसाळ्याच्या ढगाळ महिन्यांत काम मंदावते. घारी-कावळे मदत करतात, पण गिधाडांची भूक त्यांना नाही. 2015पासून वरळीच्या स्मशानभूमीत पारशांसाठी प्रार्थनागृह सुरू झाले आहे, आणि ज्यांना दखम्याची आजची स्थिती सहन होत नाही ती कुटुंबे तिथे जातात. रूढीवादी त्यांच्यावर टीका करतात. टीका करणारे आणि जाणारे यांच्यात फरक श्रद्धेचा आहे, औषधाची बाटली दोघांच्याही कपाटात असते.